बोर्डावर ५२ तास, प्रत्यक्षात १०६: टीममधला बर्नआउट वेळेत कसा ओळखायचा

स्प्रिंट बोर्डावर एका सीनिअर डेव्हलपरच्या नावापुढे ५२ तासांचं काम आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचे कामाचे तास ८०. मॅनेजरच्या हिशेबानं ती ६५ टक्के भरलेली आहे आणि अजून एखादं छोटं तिकीट सहज घेईल. त्याच दोन आठवड्यांत ती प्रत्यक्षात १०६ तास काम करते आहे. हा वरचा भाग बोर्डावर कुठेच नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही. साधारण सहा महिन्यांनी ती पेपर टाकते, तेव्हा सगळ्यांना धक्का बसतो.

हे उदाहरण समजावण्यासाठी घेतलेलं आहे आणि आकडेही त्यासाठीच बेतलेले आहेत. पण हिंजवडी, बाणेर, खराडी, मगरपट्टा कुठेही सॉफ्टवेअर टीम चालवणाऱ्याला हा आकार ओळखीचा वाटेल. सात जणांची टीम आहे. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची विमा कंपनी. निम्मं काम नवीन फीचर्सचं, निम्मं चालू सिस्टीम सांभाळण्याचं. सात जणांत दोघं नुकतेच आलेले, आणि एक सीनिअर डेव्हलपर पाच वर्षांपासून याच प्रोजेक्टवर. सिस्टीमचा कानाकोपरा तिलाच माहीत आहे. हा लेख तिच्याबद्दल आहे, कारण बर्नआउट टीमभर सारखा पसरत नाही. ज्याला सगळ्यात जास्त येतं त्याच्यावर तो आधी साचतो.

बर्नआउट म्हणजे नुसती दमणूक नव्हे

हा शब्द मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. पुढे क्रिस्टीना मास्लाक यांनी त्याची मोजपट्टी तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या आहे, पण तिथे तो आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे निर्माण होणारी स्थिती, असं त्याचं वर्णन आहे, आणि ते फक्त कामाच्या संदर्भातच वापरायचं असं स्पष्ट म्हटलं आहे. मॅनेजरच्या दृष्टीनं यातला महत्त्वाचा भाग हा, की बर्नआउटचं मूळ कामाच्या रचनेत आहे. त्या माणसाच्या स्वभावात ते शोधत बसलं तर सापडणार नाही.

त्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. दमणूक सगळ्यांना दिसते. बाकीच्या दोन नजरेतून सुटतात.

दूध बुडाला लागतं तेव्हा वरून साय छान दिसत असते. वास येतो तोवर उशीर झालेला असतो. इथेही तसंच होतं. चांगल्या माणसाचं काम सुरुवातीला अजिबात घसरत नाही. तो झोप, व्यायाम, घरच्यांचा वेळ यातून तास काढतो आणि डिलिव्हरी वेळेवर देत राहतो. म्हणून "काम तर नीट चाललंय" हा बर्नआउट नसल्याचा पुरावा धरता येत नाही.

नोंदींमध्ये काय दिसतं

"कशी आहेस?" या प्रश्नाला "ठीक" हेच उत्तर येतं. त्यामुळे आधी नोंदी बघाव्यात, त्याही माणसामाणसांची तुलना करून नव्हे. कुणी मुळातच कमी बोलतं, कुणाला रात्री शांततेत काम करायला आवडतं, कुणी मुलं झोपल्यावर लॅपटॉप उघडतं. गेल्या आठ आठवड्यांची तुलना त्याच माणसाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या आठ आठवड्यांशी करायची. बदल झाला असेल तर तोच संकेत.

पहिली जागा रजेची नोंद. आपल्या सीनिअरनं गणपतीत टाकलेली चार दिवसांची रजा रिलीजमुळे रद्द केली. दिवाळीतले दोन दिवस घेतले, पण दोन्ही दिवशी तिचे मेसेज आहेत. त्यानंतर तीन महिन्यांत तीन वेळा एकेका दिवसाची आजारपणाची रजा, त्यातल्या दोन सोमवारी. ठरवून घेतलेली रजा कमी होणं आणि अचानक घेतलेली वाढणं या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरी जागा कोड रिव्ह्यू, आणि ती सगळ्यात बोलकी असते. सहा महिन्यांपूर्वी ती ज्युनिअरच्या कोडवर पाच-सहा ओळींत लिहायची: हे इथे का चालणार नाही, पॉलिसीचं नूतनीकरण त्याच दिवशी आलं तर काय होईल, आधी असं केलं होतं तेव्हा काय बिघडलं. आता तिथे नुसतं `LGTM`, म्हणजे "मला ठीक वाटतंय", एवढंच असतं, किंवा ज्युनिअरचा कोड ती स्वतःच दुरुस्त करून टाकते. वरवर पाहता कामाला वेग आलेला वाटतो. खरं तर समजावण्याइतकं मन तिच्यात उरलेलं नाही.

तिसरी जागा मीटिंग. जो माणूस "ही तारीख शक्य नाही" म्हणून वाद घालायचा तो आता "चालेल" म्हणतो. मॅनेजरला हायसं वाटतं. विरोध थांबणं म्हणजे दर वेळी पटणं नसतं; अनेकदा माणसानं या कामाशी झगडणं सोडून दिलेलं असतं. आमच्या मते सगळ्या खुणांमध्ये ही सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते.

कामाची वेळ सरकते आहे का हे टीमच्या पातळीवर, नावं न काढता बघता येतं. रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये ही आज्ञा दिली की गेल्या आठ आठवड्यांत कुठल्या वारी, कुठल्या तासाला किती कमिट झाले ते मोजून येतं:

```
git log --since="8 weeks ago" --date=format-local:'%a %H' --pretty='%ad' | sort | uniq -c
```

रात्री अकरानंतरचे आणि शनिवार-रविवारचे आकडे बाजूला काढा, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या काळासाठी `--since` सोबत `--until` देऊन तेच पुन्हा काढा. वाढ दिसली तर टीमवरचा भार कामाच्या वेळेबाहेर सांडतो आहे. यावरून कुणा एकाबद्दल निष्कर्ष काढू नका, आणि कीबोर्ड किंवा स्क्रीनवर पाळत ठेवणारी साधनं तर या कामासाठी मुळीच वापरू नका. आपल्यावर नजर आहे हे कळल्यावर लोक दमल्याचं लपवायला शिकतात, आणि मग हाती असलेले संकेतही जातात.

दोन गोष्टींशी घोळ होऊ शकतो. एक, साधी दमणूक. मोठ्या रिलीजनंतर सगळेच थकतात, पण चार दिवस गावी जाऊन आल्यावर माणूस ताजा होतो आणि तो ताजेपणा टिकतो. बर्नआउटमध्ये रजेवरून आल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच जडपण येतं, कारण कामाची रचना होती तशीच असते. दोन, नैराश्य. कामाबाहेरच्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्याबद्दलच निराशा बोलण्यात येत असेल, तर कामाचे तास कमी करून भागणार नाही. निदान करणं मॅनेजरचं काम नाही. त्यानं डॉक्टरांकडे जाण्यासाठी वेळ मोकळा करून द्यावा, आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सांगावा. तिथे दिवसरात्र आणि विनामूल्य बोलता येतं.

१०६ तास कुठे गेले

आता हिशेब. मॅनेजर आणि सीनिअर अर्धा तास एकत्र बसून, कॅलेंडर, तिकिटं आणि चॅट समोर ठेवून गेल्या दोन आठवड्यांचे तास लिहितात. अचूकता पंधरा मिनिटांपर्यंत असली तरी पुरे. ठरलेली स्प्रिंटची तिकिटं, ५२ तास. मीटिंगा आणि क्लायंटचे कॉल, १६. रिव्ह्यू, ११. प्रॉडक्शनमध्ये काही अडलं म्हणून मध्येच आलेलं काम, १४. दोघा नव्यांना शिकवणं, ९. कंपनीसाठी उमेदवारांच्या मुलाखती, ४. बेरीज १०६. म्हणजे ८० तासांवर २६ तास जास्त, दर दिवशी अडीच तासांहून थोडे अधिक.

या यादीत फक्त पहिला आकडा बोर्डावर होता. उरलेले ५४ तास "असंच चालतं" या खात्यात. महत्त्वाचं म्हणजे ते सगळ्यांना सारखे येत नाहीत. टीममधल्या मधल्या फळीतल्या डेव्हलपरचे हेच आकडे काढले तर कदाचित २० तास निघतील. पण स्प्रिंट आखताना दोघांनाही ५२-५२ तासांची तिकिटं दिली गेली, कारण वाटप "समान" असायला हवं. हे समान वाटपच सीनिअरवर अन्याय करतं.

मीटिंगच्या १६ तासांत पुण्यातल्या टीमना चांगलाच परिचित असलेला एक खड्डा आहे. क्लायंटचा रोजचा कॉल त्यांच्या सकाळी ११ ला. उन्हाळ्यात ते आपले रात्रीचे साडेआठ होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे रात्री साडेनऊला येतो, तो थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. क्लायंटच्या बाजूला काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे कुणी विषय काढत नाही. इकडे मात्र सव्वाचार महिने जेवण, मुलांचा अभ्यास आणि झोप एक तास पुढे ढकलली जाते, आणि सकाळचा स्टँडअप दहालाच राहतो. हिवाळ्यात टीम कुरबुरायला लागली तर आधी हे तपासावं.

८० पैकी ८० तास भरले तर काय हरकत, असा प्रश्न डिलिव्हरी हेड हमखास विचारतात. उत्तर रांगेच्या गणितात आहे. समजा कामं अनियमितपणे येतात आणि एकच माणूस ती करतो. त्या सर्वांत साध्या मॉडेलमध्ये माणूस ८० टक्के भरलेला असेल तर प्रत्येक नवीन कामाला सरासरी वाट पाहावी लागते ती काम करायला लागणाऱ्या वेळेच्या चौपट. ९० टक्क्यांवर नऊपट. ९५ टक्क्यांवर १९ पट. विद्यापीठ चौकात गाड्या थोड्याच वाढतात पण खोळंबा एकदम गणेशखिंड रस्त्यावर मागेपर्यंत जातो, तसंच. पूर्ण भरलेल्या माणसाकडे आलेलं एक अर्ध्या तासाचं प्रॉडक्शनचं काम सगळी रांग मागे ढकलतं, मग विचारणा येतात, विचारणांना उत्तरं द्यायला आणखी वेळ जातो. तिची घुसमट तिथून येते: सारखं काम करूनही मागेच राहिल्यासारखं वाटणं. व्याख्येतली तिसरी गोष्ट, हातून काही होत नाही ही भावना, अशी रांगेतून तयार होते.

म्हणून अनियमित काम येणाऱ्या माणसाचं लक्ष्य ८० टक्के ठेवावं. दोन आठवड्यांत ६४ तास ठरलेलं, १६ तास मोकळे.

तिच्याशी बोलताना

हे बोलणं अप्रेझलच्या मीटिंगमध्ये नको, शुक्रवारी संध्याकाळी नको, आणि कॅन्टीनच्या गर्दीत तर नकोच. मधल्या दिवशी सकाळी, ४० मिनिटं, तासांचा तो कागद समोर ठेवून. सुरुवात भावनांनी केली तर पुण्यातला सीनिअर डेव्हलपर बहुधा "नाही नाही, सगळं ठीक आहे" म्हणून विषय संपवतो. कामानं सुरुवात केली तर बोलतो.

"मी आत्तापर्यंत फक्त बोर्ड बघत होतो, हे बाकीचं माझ्या लक्षात आलं नाही. ही माझी चूक. यातलं काय काढायचं ते आज ठरवू." एवढी सुरुवात पुरते. त्यानंतर तीन प्रश्न उपयोगी पडतात. यातलं कुठलं काम तुझ्याशिवाय खरंच कुणाला जमणार नाही? कुठलं काम दोन आठवडे झालं नाही तरी कुणाला कळणार नाही? आणि कशाची जबाबदारी तुझ्यावर आहे पण निर्णय मात्र तुझ्या हातात नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यात जड आहे. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत गोळा केलेल्या माहितीवरून रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा ताबा कमी, या जोडीत ताण सर्वाधिक होतो. आपल्या सीनिअरच्या बाबतीत उत्तर असं येतं: रिलीजची तारीख क्लायंट आणि डिलिव्हरी हेड ठरवतात, तिला नंतर कळते, पण रात्री काही फुटलं तर फोन तिला येतो. इथे नुसते तास कमी करून पुरणार नाही. तारीख ठरण्याआधी तिचं मत घेणं हा बदलाचा भाग व्हायला हवा, आणि तिचं मत मोडलं तर का मोडलं हे तिला सांगितलं जायला हवं.

"बघतो मी" म्हणून हे बोलणं संपवू नये. हे दोन शब्द तिनं आधी अनेकदा ऐकलेले असतात. त्याच आठवड्यात निघणारी एक तरी गोष्ट तिथेच ठरवावी. इथे ती म्हणजे मुलाखती: या महिन्यासाठी तिचं नाव यादीतून काढायचं, एचआरला मेल तिच्यासमोर जाते. छोटीच गोष्ट, पण शब्द पाळला जातो हे तिला दिसतं.

१०६ वरून ६४ वर

४२ तास काढायचे आहेत. इथे सर्वांत सामान्य चूक होते: ते उचलून दुसऱ्या चांगल्या माणसाच्या डोक्यावर ठेवले जातात, आणि चार महिन्यांनी तो पेपर टाकतो. काही तास खरोखर नाहीसे व्हायला हवेत, काही पुढे ढकलले जायला हवेत, आणि उरलेलेच वाटायचे.

ठरलेली तिकिटं ५२ वरून ३० वर आणायची. त्या २२ तासांपैकी १२ तासांचं एक रिपोर्टचं काम क्लायंटशी लेखी बोलून पुढच्या स्प्रिंटला जातं. उरलेलं १० तासांचं तिकीट मधल्या फळीतला एकजण घेतो. त्याला ते १५ तास लागतील, आणि बोर्डावर १५ लिहायचे. दहाच लिहिले तर आपण त्याचे पाच तास चोरले.

प्रॉडक्शनचं काम १४ वरून ६. त्यासाठी पाळी लावायची. दोघा नव्यांना सोडून पाच जण, प्रत्येकी एक आठवडा. ज्याची पाळी त्याला त्या आठवड्यात ठरलेलं काम निम्मंच द्यायचं. हा भाग गाळून टाकला की पाळी म्हणजे नुसती शिक्षा होते. गूगलच्या सिस्टीम सांभाळणाऱ्या टीम हातानं करायच्या अशा चालू कामाला माणसाच्या वेळेच्या ५० टक्क्यांची कमाल मर्यादा घालतात. त्याहून वाढलं तर काम पुन्हा डेव्हलपमेंट टीमकडे परत जातं. आपल्याकडे तो आकडा तसाच आणायची गरज नाही, पण कुठे तरी रेष हवी आणि ती ओलांडली तर काय होईल हे आधी ठरलेलं हवं. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी आपोआप मिळावी, मागावी लागू नये. साचलेले कॉम्प-ऑफ बऱ्याच ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर बाद होतात, तेव्हा ते त्याच महिन्यात वापरायला लावणं मॅनेजरचं काम.

पाळी लागली तरी लोक सवयीनं तिलाच वैयक्तिक मेसेज करतील. पाळी फसण्याची जागा बहुतेकदा हीच असते, म्हणून नियम साधा आणि सगळ्यांना माहीत असलेला ठेवायचा: प्रश्न टीमच्या चॅनेलवर, पाळीवाल्यानं आधी ३० मिनिटं स्वतः शोधायचं, मगच तिला विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर विचारणाऱ्यानंच टिपणात लिहून ठेवायचं. लिहिण्याचं काम तिच्यावर टाकलं तर आपण नवीन तास जन्माला घातले. पहिल्या महिन्यात एखाद्या गोष्टीला तिनं वीस मिनिटांत केली असती तिथे दोन तास लागतील. तेव्हा मॅनेजरनं शांत राहायचं. ते दोन तास म्हणजे दुसरा जाणकार तयार होण्याची किंमत आहे.

मीटिंगा १६ वरून १०. क्लायंटच्या कॉलला ती दिवसाआड जाते, मधल्या दिवशी दुसरा जातो आणि पाच ओळींचं टिपण टाकतो. कॉल त्यांच्या सकाळी ९ ला आणता आला तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात. ही विनंती ऑक्टोबरमध्येच करावी. बरेच क्लायंट मान्य करतात, कारण इकडे किती वाजलेले असतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. रिव्ह्यू ११ वरून ७: पैशांच्या हिशेबाशी संबंधित कोड तिच्याकडे, बाकीचा मधल्या फळीकडे. नव्यांना शिकवण्याचे ९ तास तसेच ठेवायचे, कारण ते तिला आवडतं आणि तिनंच ते ठेवा म्हटलं आहे. हे काढून घेणं चुकीचं ठरलं असतं. मुलाखती ४ वरून पुढच्या महिन्यापासून २. बेरीज: ३०, १०, ७, ६, ९ आणि २, म्हणजे ६४.

वरच्यांना आणि क्लायंटला काय सांगायचं

पहिले सहा आठवडे टीमचं एकूण काम घटणार आहे. हे झाकू नये, कारण झाकलं तर तूट भरायला तीच पुढे येईल. डिलिव्हरी हेडसमोर "टीम दमली आहे" म्हणून गेलात तर "सगळेच दमलेत" हे उत्तर मिळेल. जोखीम म्हणून मांडा: या सिस्टीमच्या प्रीमियम गणनेचा भाग एकाच व्यक्तीला माहीत आहे, तिचे तास १३२ टक्के आहेत, ती गेली तर नोटीसचे ९० दिवस हातात असतील आणि ते ९० दिवस आधीच थकलेल्या माणसाकडून माहिती काढून घेण्यात जातील.

मग पर्याय द्या, तक्रार नको. रिपोर्ट पुढच्या स्प्रिंटला. किंवा रिपोर्ट याच तारखेला, पण निम्म्या रकान्यांसह. किंवा दोन्ही हवं तर मधल्या फळीतला आणखी एक माणूस, ज्याचा पहिला दीड महिना शिकण्यातच जाईल. कुठलाही निवडला तरी तो मेलमध्ये लेखी. तोंडी पुढे ढकललेली तारीख दोन आठवड्यांनी जुन्याच जागी परत येते.

कुठे फसतं

नुसती आठवडाभराची सक्तीची रजा दिली आणि काम तसंच साठत राहिलं, तर ती परत येते तेव्हा दोनशे मेल आणि रांग वाट बघत असतात. रजा द्यावी, पण पाळी लागल्यानंतर. बढती हाही असाच सापळा आहे. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून तिला लीड केलं आणि जुनं काम काढलं नाही, तर भार दीडपट होतो.

कधी ती स्वतः विरोध करते, आणि तिचं म्हणणं समजून घ्यायला हवं. पाच वर्षं जे तिनं सांभाळलं ते काढून घेतल्यावर "माझ्यावर भरवसा नाही का?" असं वाटणं अगदी साहजिक आहे. त्यामुळे काय जाणार हे तिनं ठरवलेलं बरं, आणि मोकळ्या झालेल्या वेळेत तिला हवं असलेलं एखादं काम, म्हणजे जुन्या गणनेचा भाग नव्यानं लिहिणं वगैरे, तिच्या हाती यावं.

आणि काही वेळा तास हे कारणच नसतं. मास्लाक आणि मायकल लायटर यांनी कामाच्या ज्या सहा बाजू सांगितल्या त्यांत भार ही एकच आहे. बाकीच्या म्हणजे ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. बाहेरून आलेल्या नवख्याचा पगार तिच्याहून जास्त आहे हे तिला कळलं असेल, तर ६४ तासांनी काही होणार नाही. तिथे पगारच दुरुस्त करावा लागतो, आणि तो राजीनाम्यानंतरच्या काउंटर ऑफरमध्ये नव्हे, त्याआधी. ज्यांचं अप्रेझल एप्रिलमध्ये असतं त्यांनी हे जानेवारीत बघावं. बोनस खात्यात आल्यावर जाणारा माणूस मनानं कधीच गेलेला असतो.

सुधारणा होते आहे का हे त्याच जागी तपासायचं. दोन आठवड्यांनी तासांची बेरीज पुन्हा करा. ६४ ठरवले आणि ७५ निघाले तर गळती कुठे आहे ते शोधा, बहुधा वैयक्तिक मेसेजमध्येच. सहा आठवड्यांनी रिव्ह्यू वाचा. `LGTM` च्या जागी पुन्हा दोन-तीन ओळी येऊ लागल्या असतील. तीन महिन्यांच्या आसपास एखाद्या मीटिंगमध्ये ती पुन्हा म्हणेल, "ही तारीख जमणार नाही." ते ऐकून कपाळाला आठी घालू नका.

ते १६ मोकळे तास बोर्डावर दिसू लागले की कुणीतरी त्यांत तिकीट टाकायला येणारच. म्हणून ते मोकळे दिसू देऊ नका. "राखीव" नावाचं १६ तासांचं तिकीट तिच्या नावावर प्रत्येक स्प्रिंटच्या सुरुवातीला टाका, आणि ते हलवायचं असेल तर तिला विचारूनच हलेल असं लिहून ठेवा.